एकोणिसावा प्रश्न



अध्यक्षाने काहीतरी व्यापक बोलावे अशी प्रथा आहे. मला ते जमणार नाही. तुमच्या पिशवीत कार्यक्रमपत्रिकेसोबत चार पानांची एक सरावपत्रिका ठेवली आहे, ती काढा. वर्गसमीकरणांवरचे वीस प्रश्न आहेत, मागे उत्तरसूची आहे. पहिला प्रश्न दहावीतला कुणीही तोंडी सोडवेल. एकोणिसावा जेईईच्या वर्गात बसणाऱ्यालाही थांबवेल. या दोन प्रश्नांच्या मध्ये काय असावे, एवढेच मला आज बोलायचे आहे.

पहिला प्रश्न आहे x² − 7x + 12 = 0. गुणाकार 12 आणि बेरीज 7 असणाऱ्या संख्या शोधा, 3 आणि 4. आता याहून थोडा अवघड प्रश्न द्या म्हटले, की आपल्यातले बरेचजण x² − 43x + 462 = 0 असे काहीतरी फळ्यावर लिहितात. मीही कित्येक वर्षे लिहीत होतो. त्याची मुळे 21 आणि 22. पण हे वर्गसमीकरण पहिल्याहून अवघड नाही, त्याचे पाढे अवघड आहेत. मुलगा अडला तर तो 462 चे अवयव पाडताना अडतो आणि आपण नोंद करतो, की याला वर्गसमीकरणे येत नाहीत.

म्हणून या पत्रिकेत आकडे वाढत नाहीत. दर पायरीला एकच गोष्ट बदलते. दुसरा प्रश्न x² = 7x. दिसायला पहिल्याहून सोपा, पण वर्गात देऊन पाहा. निम्म्याहून अधिक वह्यांत एकच उत्तर येईल, 7. दोन्ही बाजूंना x ने भागले आणि 0 हे मूळ हातातून निसटले. तिसरा x² − x − 12 = 0, म्हणजे 3 आणि 4 तेच, फक्त 3 चे चिन्ह फिरले. चौथा 2x² − 7x + 6 = 0, इथे x² ला सहगुणक आला आणि मुळे 2 आणि 3/2 झाली. पाचवा x² − 7x + 11 = 0. इथे अवयव पाडत बसलेल्याला काहीच सापडत नाही. विवेचक 49 − 44 म्हणजे 5 येतो, मुळे (7 ± √5)/2. अवयव पद्धत पुरत नाही याचा अनुभव आल्यावर सूत्राची गरज पटते. आपण सूत्र आधी देतो आणि गरज नंतर, तीही कधीकधी देतच नाही.

सहा ते अकरा या प्रश्नांवर मी वेळ घेत नाही. समान मुळांसाठी k ची किंमत, शाब्दिक उदाहरणे, आणि मुळे न काढता α² + β² काढणे, हे तुम्ही सगळे उत्तम शिकवता. पाचव्या समीकरणातच α² + β² विचारा. 49 − 22 = 27, एका ओळीचे काम. मुळे काढून वर्ग करणाऱ्याला अर्धे पान लागते.

अडचण याच्या पुढे आहे. बाजारातल्या बहुतेक संचांत दहावीची पातळी संपते आणि पान उलटले की एकदम स्पर्धा परीक्षा सुरू होते. माझा एकोणिसावा प्रश्न बघा: x² − 2kx + k² + k − 6 = 0 या समीकरणाची दोन्ही मुळे वास्तव आणि 4 पेक्षा लहान असतील, तर k च्या किमती कोणत्या? वर्गात याची तीन अटींची कृती दिली जाते. विवेचक शून्य किंवा त्याहून मोठा, मुळांचा मध्य 4 च्या डावीकडे, आणि f(4) धन. मुले ती पाठ करतात. महिन्याभराने विचारा, तिन्हीपैकी एक अट हमखास गळालेली असते. ही अट का, हे त्यांना कधी दिसलेलेच नसते.

बारा ते अठरा हे सात प्रश्न ते दिसावे म्हणून आहेत. त्यांपैकी तीनच सांगतो.

बाराव्यात x² − 7x + 10 ही राशी आहे. तिची मुळे 2 आणि 5. विद्यार्थ्याने फक्त x च्या जागी 1, 3 आणि 6 ठेवून किंमत काढायची. उत्तरे 4, −2 आणि 4. मग त्याने संख्यारेषा आखून 2 आणि 5 वर खुणा करायच्या आणि या तीन संख्या कुठे पडल्या ते बघायचे. 3 दोन्ही मुळांच्या मध्ये आहे, तिथे किंमत ऋण. 1 आणि 6 बाहेर आहेत, तिथे धन. आठवीच्या मुलालाही हे करता येते. संख्या मुळांच्या मध्ये आहे की बाहेर, हे मुळे न काढता चिन्हावरून कळते, एवढे त्याला दिसले की f(4) कशासाठी काढायचा हे वेगळे सांगावे लागत नाही.

पण 1 आणि 6 या दोन्हींवर किंमत तीच, 4. एक डावीकडे, दुसरी उजवीकडे. चिन्ह ‘बाहेर’ म्हणते, बाजू सांगत नाही. चौदाव्या प्रश्नात हीच खोच विचारली आहे: बाजू कशावरून ओळखाल? उत्तर मुळांच्या मध्यावरून. मध्य 3.5 आहे, तो 6 च्या डावीकडे पडतो, म्हणून दोन्ही मुळे 6 पेक्षा लहान.

सोळावा प्रश्न थोडा दुष्ट आहे. x² − 7x + 13 = 0. इथे f(4) = 1, म्हणजे धन. मध्य 3.5, म्हणजे 4 च्या डावीकडे. तर दोन्ही मुळे 4 पेक्षा लहान का? मुले ‘हो’ लिहितात. विवेचक 49 − 52 = −3. मुळेच वास्तव नाहीत, मग लहान काय आणि मोठे काय! तिसरी अट का लागते, हे त्या दिवशी कळते.

आता एकोणिसाव्याकडे या. पूर्ण वर्ग करून लिहिला तर तो (x − k)² = 6 − k असा होतो. मुळे वास्तव हवीत म्हणून k ≤ 6. मध्य k आहे, म्हणून k < 4. आणि f(4) म्हणजे 16 − 8k + k² + k − 6, आवरून k² − 7k + 10. हे धन हवे. ओळखले का? बाराव्या प्रश्नातली राशी, फक्त x च्या जागी k. ती धन असते k < 2 किंवा k > 5 असताना. तिन्ही अटी एकत्र पाळणारे उत्तर k < 2.

इथे एक कबुली द्यायला हवी. k < 4 म्हटले की k ≤ 6 ही अट आपोआपच पाळली जाते. म्हणजे विवेचक विसरलेल्या मुलालाही पूर्ण गुण! म्हणून विसावा प्रश्न जोडावा लागला: x² − kx + 4 = 0 ची दोन्ही मुळे वास्तव आणि 4 पेक्षा लहान. मध्यावरून k < 8, f(4) = 20 − 4k वरून k < 5. विवेचक विसरला तर उत्तर k < 5 येते आणि त्यात k = 0 सुद्धा बसतो, ज्याने समीकरण x² + 4 = 0 होते. खरे उत्तर k ≤ −4 किंवा 4 ≤ k < 5. दोन्ही टोके तपासा. k = 4 ला मुळे 2, 2, चालतात. k = 5 ला मुळे 1 आणि 4, आणि 4 हे 4 पेक्षा लहान नाही.

आता मागचे पान, उत्तरसूची. नुसते ‘19) k < 2’ असे छापले, तर चुकलेल्या मुलाला आपण चुकलो एवढेच कळते. कुठे, ते कळत नाही. म्हणून प्रत्येक उत्तरासमोर संभाव्य चुकीचे उत्तर आणि त्याचे कारण छापले आहे. एकोणिसाव्यासमोर असे आहे: तुमचे उत्तर ‘k < 2 किंवा 5 < k ≤ 6’ आले असेल, तर मध्य विसरलात; k = 5.5 ठेवून पाहा, मुळे साधारण 4.8 आणि 6.2 येतात, दोन्ही 4 च्या पलीकडे. उत्तर ‘k < 4’ आले असेल, तर f(4) विसरलात; k = 3 ठेवा, मुळे 3 ± √3, त्यातले एक 4.7 च्या घरात जाते. बहुपर्यायी परीक्षेचा प्रश्नकर्ता नेमकी हीच उत्तरे पर्यायांत ठेवतो. आपण ती सूचीत ठेवायची.

शाब्दिक उदाहरणांत सूचीचे काम आणखी नाजूक असते. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या बीजगणितात वानरांची दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतो आहे आणि 12 टेकडीवर आहेत. मुळे 48 आणि 16, आणि दोन्ही चालतात. दुसऱ्यात पाचव्या भागातून 3 वजा करून केलेला वर्ग गुहेत गेला आणि एक वानर दिसतो आहे. मुळे 50 आणि 5. पण 5 चा पाचवा भाग 1, त्यातून 3 गेले की उरते उणे 2. उणे दोन वानर कुणी पाहिले आहेत? 5 हे उत्तर तिथे नाकारले आहे. आपल्या मुलांना मात्र ‘दोन मुळे आली की लहान किंवा ऋण खोडायचे’ एवढाच नियम ठाऊक असतो, आणि पहिल्या उदाहरणात ती बिचाऱ्या 16 वर काट मारतात. पत्रिकेतले नववे आणि दहावे उदाहरण याच जोडीवरून बेतले आहे. सूचीत फक्त उत्तर नाही, मूळ ठेवले तर का आणि खोडले तर का, हेही आहे.

सूची तयार करताना मी एक नियम पाळतो. उत्तर पुन्हा सोडवून तपासत नाही, मूळ समीकरणात ठेवून ताळा घेतो. तोही छापलेल्या कागदावरून, माझ्या वहीवरून नव्हे. हा नियम मला एका चुकीने शिकवला. या पत्रिकेच्या जुन्या आवृत्तीत पहिल्याच प्रश्नात टंकताना माझ्याकडून x² − 7x − 12 = 0 झाले. सूचीत 3 आणि 4 तसेच राहिले. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी 3 आणि 4 लिहून ‘बरोबर’ची खूण केली. मागच्या बाकावरची एक मुलगी तास संपल्यावर वही घेऊन आली. तिला (7 ± √97)/2 असे काहीतरी भलतेच येत होते, आणि ‘सर, माझे कुठे चुकले?’ असे ती विचारत होती.

तुमच्या हातातल्या पत्रिकेतही एका प्रश्नासमोरचे उत्तर चुकीचे छापले आहे. या वेळी मुद्दाम. जेवणाच्या सुट्टीत भेटा.