सहा महिन्यांची पातोडी



अक्षय्य तृतीयेला आमचा साखरपुडा झाला. ते चाकणला कारखान्यात, मी इथे दुसरबीडला घरच्या शेतात. तुळशीचं लग्न लागलं की आमचंही लागेल. मधल्या सहा महिन्यांत सोयाबीन पेरलं, फुलोऱ्यावर आलं, सोंगून झालं. हा सगळा हंगाम त्यांनी फोनवरून ऐकला. त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते, तशी आमची बोलण्याची वेळही बदलते. रात्रपाळी असली की ते सकाळी खोलीवर येतात, झोपण्याआधी फोन करतात. मी तेव्हा बांधावर असते, म्हणून पाखरांचा आवाजही त्यांच्यापर्यंत जातो.

अशा वेळी मला आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. न्यूयॉर्कला पोचायला त्यांना जवळजवळ दोन महिने लागले. मागे राहिलेले त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला. दोघांची पत्रंही जहाजानंच जायची. विचारलेल्याचं उत्तर हाती येईपर्यंत विचारणाऱ्याचे दिवस पालटलेले असत. आमच्यात अंतर आहे, पण भाजी शिजताना विचारता येतं आणि शिजतानाच सांगता येतं.

म्हणून सहा महिने झाल्याचा दिवस आम्ही पातोडी करून साजरा केला. चाकणला ते, दुसरबीडला मी, एकाच वेळी. त्यांना आईच्या हातची पातोडी आवडते, पण स्वतः कधी केली नव्हती. काळा मसाला मी आधीच पुण्याच्या ट्रॅव्हल्सनं पाठवला होता.

एक वाटी बेसनात आधी थोडंच पाणी घालून गाठी मोडायला सांगितलं. सगळं पाणी एकदम ओतलं की गाठी आतच राहतात. मग उरलेलं, असं मिळून दीड-पावणेदोन वाटी पाणी, तिखट, मीठ, हळद आणि चुरडलेला ओवा. गॅस बारीक. फोन त्यांनी ओट्यावर ठेवला होता, नि मला कालथा ऐकू येत होता. आधी पातळ, सळसळ आवाज. मग पीठ घट्ट होऊ लागलं आणि बुडबुडे फट् फट् फुटू लागले.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"कढईच्या कडा सोडतंय का बघा. बोटाला पाणी लावून टेकवा. चिकटलं तर अजून कच्चं आहे."

दुसऱ्यांदा बोट स्वच्छ निघालं. तेल लावलेल्या ताटात लगेच थापायचं असतं. गार झालं तर पीठ पसरत नाही, चिरा पडतात. त्यांनी वाटीच्या बुडाला तेल लावून थापलं. हे मी सांगितलं नव्हतं. आईला करताना पाहिलं होतं म्हणाले.

वड्या कापून झाल्या, रस्सा उकळला. मी वड्या अगदी शेवटी सोडायला सांगितलं, नाहीतर त्या विरघळतात. मग दोघांनी भाकरी कुस्करली. पहिला घास झाल्यावर ते म्हणाले, "मीठ थोडं कमी पडलं." इकडे माझ्या पातोडीतही कमीच पडलं होतं.