व्यक्तिगत कर्ज : सांगितलेला दर आणि पडलेला भाव



व्यक्तिगत कर्जाच्या जाहिरातीत व्याजाचा दर ठळक छापलेला असतो. प्रक्रिया शुल्क आणि मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क मात्र बारीक अक्षरांत असते. या तिघांची एकत्र बेरीज केल्यावाचून कर्ज किती महाग आहे हे कळत नाही. शिवाय ही बेरीज ऋणको कर्ज किती काळ ठेवणार यावर अवलंबून असते.

एक उदाहरण घ्यावे. कन्येच्या महाविद्यालयीन प्रवेशासाठी एका गृहस्थांना ३ लाख रुपये हवे आहेत. मुदत तीन वर्षांची आहे. परंतु वर्षभराने त्यांची आवर्ती ठेव पूर्ण होणार असून, तेव्हा कर्ज फेडून मोकळे होण्याचा त्यांचा विचार आहे. त्यांच्यापुढे दोन प्रस्ताव आहेत. पहिल्याचा दर १२ टक्के, प्रक्रिया शुल्क ३ टक्के आणि मुदतपूर्व फेडीवर शिल्लक मुद्दलाच्या ४ टक्के आकार. दोन्ही शुल्कांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर. दुसऱ्याचा दर १३.५ टक्के, प्रक्रिया शुल्क करासह ११८० रुपये, आणि मुदतपूर्व फेडीवर काहीही नाही. साहजिकच मन पहिल्याकडे ओढले जाते. कारण त्याचा मासिक हप्ता ९९६४ रुपये, तर दुसऱ्याचा १०,१८१ रुपये आहे.

आता शुल्क पाहावे. पहिल्या प्रस्तावात ९००० रुपये शुल्क आणि १६२० रुपये कर, असे १०,६२० रुपये आरंभीच कापले जातात. हाती येतात २,८९,३८० रुपये. व्याज मात्र पूर्ण ३ लाखांवर चालते. म्हणून खरा दर काढताना हाती आलेली रक्कमच धरावी लागते. संगणकावरील कोष्टकात हे एका ओळीत होते :

```
=RATE(36,-9964,289380)*12
```

उत्तर येते सुमारे १४.५ टक्के. दुसऱ्या प्रस्तावाचे याच रीतीने सुमारे १३.८ टक्के येते. तीन वर्षांचे व्याज आणि शुल्क मिळून पहिल्याचा खर्च सुमारे ६९,३०० रुपये, तर दुसऱ्याचा ६७,७०० रुपये होतो. अंतर थोडे आहे, पण पारडे फिरले आहे.

या गृहस्थांना तर बारा हप्त्यांनंतरच कर्ज फेडावयाचे आहे. त्या वेळी पहिल्या कर्जाचे मुद्दल २,११,६७५ रुपये शिल्लक असते. त्यावरील ४ टक्के आकार करासह ९९९१ रुपये होतो. म्हणजे एकरकमी २,२१,६६६ रुपये भरावे लागतात.

```
=RATE(12,-9964,289380,-221666)*12
```

आता उत्तर येते जवळजवळ २० टक्के! वर्षभराचे व्याज ३१,२४७ रुपये आणि दोन्ही शुल्के मिळून २०,६११ रुपये, असा एकूण खर्च ५१,८५८ रुपये होतो. दुसऱ्या कर्जात व्याज ३५,२५३ रुपये आणि शुल्क ११८०, म्हणजे ३६,४३३ रुपये. 'स्वस्त' कर्ज सुमारे १५,४०० रुपयांनी महाग पडले.

यावरून कमी दराचे कर्ज नेहमीच फसवे असते असे मात्र नव्हे. हीच कर्जे पाच वर्षांची असती आणि शेवटच्या हप्त्यापर्यंत चालविली असती, तर पहिलेच सुमारे ४३०० रुपयांनी स्वस्त ठरले असते. आरंभीचे शुल्क जितक्या अधिक महिन्यांवर विभागले जाते तितका त्याचा भार हलका होतो. मुदत आखूड झाली की तेच शुल्क जड होते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ मुदत कर्जांसोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' हे पत्रक देणे बंधनकारक आहे, आणि तेही ऋणकोला समजणाऱ्या भाषेत. त्यात 'एपीआर', म्हणजे शुल्कासह पडणारा वार्षिक दर, छापलेला असतो. दोन प्रस्तावांची तुलना याच आकड्यावरून करावी. तथापि त्याची एक मर्यादा आहे : कर्ज ठरल्या मुदतीपर्यंत चालेल असे तो गृहीत धरतो. मुदतपूर्व फेडीचा आकार त्यात मिसळलेला नसतो. पत्रकात तो प्रसंगोपात्त शुल्कांत वेगळा दिलेला असतो. व्यक्तिगत कर्जे बहुधा स्थिर दराची असल्याने हा आकार करारावरच ठरतो.

म्हणून स्वाक्षरीपूर्वी तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात : हाती नेमके किती येणार, महिन्याला किती जाणार, आणि ज्या महिन्यात कर्ज फेडण्याचा विचार आहे त्या महिन्यात एकरकमी किती भरावे लागणार. हे तीन आकडे मिळाले की कर्जाचा खरा भाव ऋणकोला स्वतःच काढता येतो.