दोघांच्या घरातील स्वयंपाकाचे माप

(महिला मंडळाच्या सभेतील भाषण)



शिजवलेले अन्न रात्र उलटली की वासी होते आणि ते आपल्या घरांत वर्ज्य मानले जाते. आठ माणसांच्या घरात मूठभर अधिक शिजले तरी ते कोणाच्या ना कोणाच्या ताटात जाई. मुले नोकरीनिमित्त परगावी गेली, घरी दोघेच उरले, की तीच मूठ टाकून देण्याची वेळ येते. म्हणून दोघांच्या घरात माप नेमके कोठे चुकते, हे पाहणे आवश्यक ठरते.

समजा, आठ जणांच्या घरात पोळीभाजीबरोबर रोज दोन वाट्या तांदूळ लागत. म्हणजे माणशी पाव वाटी. दोघांना अर्धी वाटी पुरेशी आहे. दीडशे मिलिलिटरची वाटी धरली, तर हे तांदूळ सुमारे साठ ग्रॅम भरतात आणि त्यांचा भात साधारण दीड वाटी होतो. परंतु जुन्या मोठ्या पातेल्यात अर्धी वाटी तांदूळ तळाशी दिसेनासे होतात. गृहिणीच्या हाताला ते कमी वाटतात आणि ती आणखी अर्धी वाटी घालते. येथेच दीड वाटी भात जादा शिजतो. यावर उपाय असा, की माप भांड्याकडे पाहून न ठरवता कोरड्या धान्याच्या एकाच ठरलेल्या वाटीने ठरवावे आणि भांडेही लहान घ्यावे.

पाण्याचे माप मात्र याच हिशेबाने निम्मे होत नाही. उघड्या पातेल्यात थोडे धान्य शिजवताना त्या मानाने वाफ अधिक जाते, म्हणून अर्ध्या वाटीला एक नव्हे तर सव्वा वाटी पाणी लागते. कुकरच्या डब्यात वाफ फारशी जात नाही, तेथे एक वाटी पुरते. जुना तांदूळ अधिक पाणी घेतो आणि अधिक फुलतो. नवा कमी फुलतो व चिकट होतो. त्यामुळे नवे पोते फोडल्यावर पहिल्या दिवशी माप पुन्हा पडताळून पाहावे. वरणासाठी दोघांना पाव वाटी तूरडाळ पुरते. एवढी डाळ रुंद पातेल्यात तळाला लागते. ती भाताबरोबर कुकरच्या लहान डब्यात शिजवावी.

भाजीचे माप चिरल्यावर दिसते, ते शिजल्यावर राहत नाही. परातभर मेथी शिजून वाटीभर होते. दोडक्याला पाणी सुटून तो बराच आळतो. गवार व तोंडली मात्र जवळपास तेवढीच राहतात. त्यामुळे दोघांना पाव किलो गवार एका वेळेस पुरते, तर तेवढाच दोडका अपुरा पडतो. अष्टमी-चतुर्दशीला हिरव्या भाजीऐवजी मूग केले, तर अर्धी वाटी मूग भिजून सुमारे वाटीभर होतात, हे ध्यानात ठेवावे.

यापुढील गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. दुपारचे काही उरले, तर ते सूर्यास्तापूर्वीच्या जेवणात घेता येते. संध्याकाळचे उरले, तर त्याला पुढे वेळच नाही. म्हणून दुपारचे माप किंचित सैल असले तरी चालते. संध्याकाळचे मात्र काटेकोर असावे. संध्याकाळी मोजून करता येतील असे पदार्थ योजावेत. सपाट वाटीभर कणकेचे तीन-चार फुलके होतात. किती खाणार हे विचारूनच कणीक भिजवावी, कारण भिजवलेली कणीकही ठेवता येत नाही. घरात एकच वृद्ध व्यक्ती असेल, तर पाव वाटी तांदूळ आणि दोन मोठे चमचे मूगडाळ यांची, धान्याच्या चौपट पाण्यातील मऊ खिचडी एका वेळेचे पूर्ण जेवण होते.

जादा शिजवण्याचे खरे कारण बहुधा भूक नसते. कमी पडेल ही भीती असते. त्या भीतीला कोरड्या डब्याने उत्तर द्यावे. खाकरा, भाजलेला पापड, चुरमुरे हे पदार्थ टिकतात. ते हाताशी असले, तर संध्याकाळी फुलका एक कमी पडला तरी कोणी उपाशी उठत नाही आणि माप निर्धास्तपणे घट्ट धरता येते.

माप बरोबर आहे की नाही, हे जेवणानंतरची भांडी सांगतात. सलग तीन दिवस एकच पदार्थ उरला, तर चौथ्या दिवशी तेवढाच पदार्थ चमचाभर कमी घ्यावा. बाकीचे तसेच ठेवावे. सगळेच एकदम कमी केले, तर चूक कोणत्या पदार्थाच्या मापात होती ते कळत नाही. उन्हाळ्यात भूक मंदावते, उपवासानंतरच्या पारण्याला आहार हलका लागतो, पाहुणा आला की माणसे वाढतात. अशा दिवशी माणशी पाव वाटीचा आधार धरून पुन्हा मोजणे एवढेच काम उरते.

जयजिनेंद्र.