सहीआधी यादी जोडा


कॅलिफोर्नियातल्या सॉफ्टवेअर कंपनीचा करार हाती आलाय?
मग दोन कलमं नीट वाचा.

पहिलं कलम.
नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही.
तिथला कायदा ही अट रद्दबातल मानतो.

दुसरं कलम.
तुम्ही नवं जे घडवाल, ते कंपनीचं.
इथे जपा.

समजा, कंपनी बँकांसाठी सॉफ्टवेअर बनवते.
तुम्ही फावल्या वेळात, स्वतःच्या लॅपटॉपवर पाककृतींचं ॲप केलंत.
ते तुमचंच.
पण त्यासाठी कंपनीचा लॅपटॉप वापरलात, तर कंपनी हक्क सांगू शकते.
ॲप बँकांसाठी असेल, तर ते स्वतःच्या लॅपटॉपवर केलं असलं तरीही.

आणि नोकरीआधीचं काम?
त्याची यादी जोडायला करारात जागा असते.
ती कोरी सोडू नका.
प्रत्येक कामाचं नाव लिहा.
पुन्हा सांगते, सहीआधी यादी जोडा.