खोल्यांचं भाडं आणि कराचं व्याज

चाकण, म्हाळुंगे, खराबवाडी, कुरुळी या पट्ट्यात शेत गेलं, त्या जागी एमआयडीसी आली आणि उरलेल्या गुंठ्यांवर आपण खोल्या बांधल्या. कंपनीतली मुलं भाड्याने राहतात. पगारदाराचा कर कंपनी महिन्याच्या महिन्याला कापून भरते, पण खोलीत राहणारा कामगार भाडं देताना कर कापत नाही. तो आपला आपण भरायचा असतो, तोही वर्ष चालू असतानाच. हे न कळल्यामुळे किती भुर्दंड बसतो, ते आज एक उदाहरण घेऊन पाहू.

समजा, एका ताईंच्या वीस खोल्या, भाडं ५,५०० रुपये. वर्षाचे १३ लाख २० हजार झाले. त्यातून भरलेली घरपट्टी ५,००० वजा. उरलेल्यातून दुरुस्ती वगैरेसाठी कायद्याने मिळणारी ३० टक्के सूट वजा. राहिले ९ लाख २० हजार ५००. सन २०२३-२४ च्या नव्या कररचनेत यावर उपकरासह बरोबर ५०,००० रुपये कर येतो.

टीडीएस वजा जाता कर १०,००० किंवा जास्त असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो. साठी ओलांडलेल्या आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्या व्यक्तींना यातून सूट आहे. आपल्या ताई पंचेचाळीसच्या. त्यांनी १० मार्च २०२४ ला २०,००० भरले, बाकी राहून गेलं. विवरणपत्र ३१ जुलैऐवजी १० ऑक्टोबरला भरलं आणि उरलेले पैसेही त्याच दिवशी.

आता व्याज तीन ठिकाणी लागतं. पहिलं हप्ते चुकल्याचं, कलम २३४सी. १५ जूनपर्यंत कराचे १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण रक्कम भरलेली हवी. पहिल्या तीन हप्त्यांत जेवढं कमी पडलं त्यावर महिना एक टक्का, तीन महिन्यांचं. जूनला ७,५०० कमी, व्याज २२५. सप्टेंबरला २२,५०० कमी, व्याज ६७५. डिसेंबरला ३७,५०० कमी, व्याज १,१२५. मार्चच्या हप्त्याला मात्र एकाच महिन्याचं: २०,००० भरलेले होते म्हणून कमी पडले ३०,०००, व्याज ३००. एकूण २,३२५.

दुसरं, कलम २३४बी. वर्ष संपेपर्यंत कराच्या ९० टक्के, म्हणजे इथे ४५,००० भरले नसतील, तर बाकीवर १ एप्रिलपासून पैसे भरेपर्यंत महिना एक टक्का. महिन्याचा एक दिवस लागला तरी अख्खा महिना धरतात. एप्रिल ते ऑक्टोबर सात महिने झाले, ३०,००० वर २,१००. दहा दिवस आधी, ३० सप्टेंबरला भरले असते तर ३०० वाचले असते.

तिसरं, कलम २३४ए, विवरणपत्राच्या उशिराचं. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, तीन महिन्यांचे ९००. तिन्ही मिळून ५,३२५. शिवाय उत्पन्न पाच लाखांवर असल्याने उशिराचं शुल्क ५,००० वेगळं.

यात आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. कागद जमले नाहीत म्हणून विवरणपत्र राहिलं तरी पैसे थांबवू नका. ताईंनी कराची बाकी ३१ जुलैपर्यंत भरली असती, तर २३४ए चे ९०० लागलेच नसते आणि २३४बी चारच महिन्यांचं, १,२०० झालं असतं. ३१ मार्चच्या आत भरली असती, तर २३४बी सुद्धा शून्य, कारण तोवर भरलेलं सगळं आगाऊ करच धरतात. पाच हजारांचं शुल्क मात्र टळत नाही.

आणि ही चूक तर नेहमीची. ताई बँकेच्या ॲपवर नुसते ३०,००० भरून मोकळ्या होतात. पण ती रक्कम आधी शुल्कात, मग व्याजात आणि उरली तर करात वळती होते. १०,३२५ तिकडे गेले, कराचे तेवढेच बाकी राहिले आणि काही महिन्यांनी मागणीची नोटीस आली. भरायचे होते ४०,३२५. म्हणून चलान काढण्याआधी विवरणपत्रात व्याजाचा हिशेब पुरा होऊ द्या आणि तळाचा आकडा पाहून भरा. चलानावर आगाऊ करासाठी १००, नंतरच्या स्वयंनिर्धारण करासाठी ३०० हा कोड असतो. वर्षही नीट निवडा. २०२३-२४ च्या उत्पन्नाचं करनिर्धारण वर्ष २०२४-२५ असतं, इथे हमखास गोंधळ होतो.

एक राहिलं. वर्षात मध्येच गुंठा विकून नफा झाला, तर त्या नफ्यावर आधीच्या हप्त्यांचं व्याज लागत नाही. पुढच्या हप्त्यांत, आणि हप्ते संपले असतील तर ३१ मार्चपर्यंत, तो कर भरलेला असला म्हणजे झालं. व्यवहार मार्चच्या शेवटच्या आठवड्यात झाला, तर खरेदीखताच्या गडबडीतही ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.