प्रकाशकाचे नाव आले, गाणे कोणते?

(भाषणाचा मजकूर)

शाळेच्या स्नेहसंमेलनाची चित्रफीत आज गावोगावी तयार होते आणि यूट्यूबवर ठेवली जाते. परगावी गेलेले माजी विद्यार्थी ती आवडीने पाहतात. एके दिवशी मात्र शाळेच्या पत्त्यावर एक सूचना येते. चित्रफितीत कोणाच्या तरी स्वामित्वहक्काची सामग्री आढळली आहे, असे तीत म्हटलेले असते आणि खाली एका संगीत-प्रकाशक संस्थेचे नाव असते. गाण्याचे नाव नसते, गायकाचे नसते, चित्रपटाचेही नसते. मग कार्यक्रमातील पंधरा गाण्यांपैकी नेमके कोणते पकडले गेले, हा प्रश्न उरतो.

या सूचनेचा अर्थ लावण्यापूर्वी 'प्रकाशक' हा शब्द नीट समजून घेणे अगत्याचे आहे. मराठी वाचकाच्या मनात प्रकाशक म्हणजे पुस्तके छापणारा. संगीताच्या व्यवहारात तो निराळा असतो. एका गाण्यात कायद्याच्या दृष्टीने किमान दोन वेगळ्या वस्तू असतात. पहिली म्हणजे रचना, अर्थात संगीतकाराने बांधलेली चाल आणि गीतकाराने लिहिलेले शब्द. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण, अर्थात अमुक गायकाने अमुक दिवशी गाऊन तबकडीवर वा फितीवर उतरवलेला आवाज. ध्वनिमुद्रणाचे हक्क सामान्यतः ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीकडे असतात. रचनेच्या हक्कांची व्यवस्था पाहणारा तो संगीत-प्रकाशक. या दोन वस्तूंना आंतरराष्ट्रीय क्रमांकही वेगवेगळे दिले जातात. ध्वनिमुद्रणाचा क्रमांक बारा अक्षरांकांचा असून त्यास आयएसआरसी म्हणतात. रचनेचा क्रमांक टी या अक्षराने सुरू होतो, त्यापुढे दहा अंक असतात, आणि त्याचे नाव आयएसडब्ल्यूसी.

तेव्हा सूचनेत केवळ प्रकाशकाचे नाव असेल, तर दावा रचनेवर आहे, ध्वनिमुद्रणावर नव्हे, असे प्रथम धरून चालावे. मूळ तबकडी वाजवली असती तर कंपनीचेही नाव बहुधा आले असते. हा नियम अगदी अभंग नाही; कंपनीने आपला हक्क तेथे नोंदवलाच नसेल, तर तबकडी वाजूनही एकट्या प्रकाशकाचे नाव येऊ शकते. तथापि शोधाचा आरंभ कोठून करावा हे त्यावरून पुष्कळसे ठरते. कोणती तबकडी वाजली हे न पाहता कोणती चाल वाजली हे पाहावयाचे असते.

हा भेद लक्षात न घेतल्याने काय घडते, हे उदाहरणादाखल एका माध्यमिक शाळेच्या प्रसंगावरून पाहता येईल. स्नेहसंमेलनाची १८ मिनिटे ४० सेकंदांची चित्रफीत तेथील एका तरुण शिक्षकांनी तयार केली होती. सूचना येताच त्यांचा संशय लेझीमवर गेला, कारण तेथे ध्वनिवर्धकावरून एक गाजलेले गाणे मोठ्याने वाजत होते. त्यांनी लेझीमचा आवाज काढून टाकला आणि चित्रफीत पुन्हा चढवली. दोन तासांनी तीच सूचना, त्याच प्रकाशकाच्या नावाने, पुन्हा हजर! लेझीम मात्र मुकी झाली होती.

वस्तुतः पत्रात जे नव्हते ते दुसरीकडे होते. ई-टपालाने येणारी सूचना त्रोटक असते; तपशील यूट्यूब स्टुडिओ या नावाच्या विभागात मिळतो. तेथे Content या यादीत आपल्या चित्रफितीसमोर Restrictions या स्तंभाखाली Copyright असा शब्द दिसतो. त्यावर निर्देश ठेवला की See details उघडते. आत गेल्यावर दावा चित्रफितीच्या कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत आहे, ती वेळ मिळते. रचनेचे काही एक शीर्षकही तेथे असू शकते. पण ते प्रकाशकाने आपल्या दप्तरी जसे नोंदवले असेल तसे असते. कधी परभाषेतील, कधी चुकीच्या वर्णांचे, कधी मूळ नावाऐवजी दुसरेच. म्हणून शीर्षकापेक्षा वेळ अधिक विश्वसनीय मानावी.

या शाळेच्या बाबतीत वेळ होती ११:४२ ते १२:३५. लेझीम तर सातव्या मिनिटालाच संपली होती. शिक्षकांनी तो भाग लावून ऐकला, तेव्हा ते अधिकच बुचकळ्यात पडले. तेथे कोणतीही ध्वनिमुद्रिका वाजत नव्हती. शाळेचे वाद्यपथक पाहुण्यांना मानवंदना देत होते. बासऱ्या, ढोल आणि बुलबुल तरंग. वाजवणारे सर्व विद्यार्थी शाळेचेच. 'आपण स्वतः वाजवले, त्यावर दुसऱ्याचा हक्क कसा?' असे त्यांना वाटले आणि सूचनाच खोटी आहे, तिला हरकत घ्यावी, असा विचार त्यांच्या मनात आला.

येथे क्षणभर थांबून त्या यंत्रणेचे काम कसे चालते ते पाहणे उपयुक्त ठरेल. कंटेंट आयडी ही व्यवस्था यूट्यूबने २००७ साली सुरू केली. हक्कधारक आपल्या कृतींचे नमुने तिच्या हवाली करतात आणि चढवली जाणारी प्रत्येक चित्रफीत त्या नमुन्यांशी ताडून पाहिली जाते. मूळ ध्वनिमुद्रण हुबेहूब जुळणे हा एक प्रकार. परंतु वाद्य निराळे, वाजवणारा निराळा, लय थोडी वेगळी असतानाही स्वरांचा क्रम जुळला तर केवळ सुरावटीवरून ओळख पटू शकते. असा जुळाव ध्वनिमुद्रणाच्या कंपनीकडे जात नाही. तो रचनेच्या धन्याकडे, म्हणजे प्रकाशकाकडे जातो. विद्यार्थ्यांनी स्वतः वाजवलेल्या धूनवर नेमके प्रकाशकाचेच नाव यावे, यात म्हणूनच विसंगती नव्हती.

आता अडचण अशी की, त्या त्रेपन्न सेकंदांत वाद्यपथकाने दोन धुना एकापाठोपाठ वाजवल्या होत्या. पहिली गोंधळाच्या पारंपरिक चालीची. दुसरीला शाळेत सारेजण नुसते 'सलामीची धून' म्हणत. शिक्षकांनी युक्ती केली. त्या भागाचे दोन तुकडे केले, पहिला ११:३० ते १२:००, दुसरा १२:०० ते १२:४०, आणि दोन्ही खाजगी ठेवून स्वतंत्रपणे चढवले. चित्रफीत प्रसिद्ध होण्यापूर्वीच Checks नावाच्या टप्प्यावर स्वामित्वहक्काची तपासणी होते. ही सोय २०२१ पासून उपलब्ध आहे. पहिला तुकडा निर्वेध पार पडला. दुसऱ्यावर त्याच प्रकाशकाचे नाव उमटले.

या चाचणीला मर्यादा आहेत, त्या सांगावयास हव्यात. तुकडा फार लहान, दहा-बारा सेकंदांचा केला, तर सुरावट ओळखण्यास पुरेसा मजकूर यंत्राला मिळत नाही आणि निर्दोष असल्याचा आभास होतो. म्हणून तुकडे अर्ध्या मिनिटाच्या आसपास ठेवून एकमेकांत थोडे मिसळू द्यावेत. शिवाय तपासणी पार पडली म्हणजे पुढे दावा येणारच नाही, असे नव्हे. हक्कधारक नंतरही नमुना दाखल करू शकतो.

राहता राहिला प्रश्न 'सलामीची धून' म्हणजे कोणते गाणे याचा. ती मुले वरच्या वर्गातील मुलांकडून ऐकून शिकली होती, आणि ती त्यांच्याही आधीच्यांकडून. अखेरीस शिक्षक गावातच राहणाऱ्या निवृत्त बँडमास्तरांकडे गेले आणि त्यांना तो तुकडा ऐकवला.

"अहो सर, ही तर 'आवारा'ची चाल," मास्तर हसून म्हणाले. "मीच बसवली होती. चालताना पावलाला सोपी पडावी म्हणून लय वाढवली, एवढेच."

"पण मास्तर, तो चित्रपट किती जुना! त्यावर आता हक्क कसला?"

शिक्षकांची ही शंका अनेकांची असते, आणि तिचे उत्तर पुन्हा त्याच भेदात आहे. 'आवारा' १९५१ साली प्रदर्शित झाला. भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ प्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे चालतो. म्हणजे त्या वर्षीच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क भारतात २०११ अखेर संपला. संगीतरचनेचा हक्क मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, आणि रचना दोघांची असेल तर मागे राहिलेल्याच्या मृत्यूपासून मुदत मोजतात. संगीतकार शंकर-जयकिशन या जोडीपैकी जयकिशन १९७१ मध्ये निवर्तले, शंकर १९८७ मध्ये. तेव्हा चालीचा हक्क २०४७ अखेरपर्यंत जिवंत आहे. तबकडी मोकळी आणि चाल बांधलेली, अशी ही स्थिती; आणि सूचनेत कंपनी नसून एकटा प्रकाशक का दिसावा, याचे आणखी एक कारण.

मास्तरांच्या स्मरणावर विसंबून न राहता शिक्षकांनी खातरजमा केली. रचनांच्या क्रमांकांची आंतरराष्ट्रीय सूची सर्वांना पाहता येते. तसेच ॲस्कॅप व बीएमआय या दोन अमेरिकी हक्कसंस्थांची साँगव्ह्यू ही संयुक्त सूचीही खुली आहे. केवळ शीर्षक टाकले की त्याच नावाच्या अनेक रचना पुढे येतात, म्हणून सोबत रचनाकाराचे नाव टाकावे लागते. नोंदीतील प्रकाशक आणि सूचनेतील प्रकाशक एकच असले की शोध पुरा झाला. ते वेगळे दिसले तरी लगेच शोध चुकला असे समजू नये. एका देशातील प्रकाशक दुसऱ्या देशातील व्यवस्था तेथील प्रतिनिधीकडे सोपवतो, आणि सूचनेत त्या प्रतिनिधीचे नाव येऊ शकते.

हरकत घेण्याचा विचार शिक्षकांनी सोडून दिला. शाळेतील शिक्षक व विद्यार्थ्यांनी पालकांसमोर केलेल्या सादरीकरणास अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे, हे त्यांना ठाऊक होते. परंतु ती सवलत त्या मर्यादित श्रोतृवर्गापुरती आहे, साऱ्या जगापुढे ठेवलेल्या चित्रफितीला ती लागू पडत नाही. दावा गोंधळाच्या पारंपरिक चालीवर असता तर गोष्ट निराळी होती. तेथे हरकत घेण्यास आधार होता, आणि दावेदाराला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागले असते. निराधार हरकत मात्र पुढे अपिलापर्यंत ताणली, तर चित्रफीत काढून टाकण्याची मागणी होऊ शकते आणि तिची नोंद खात्याविरुद्ध राहते. साध्या दाव्याने तसे होत नाही. प्रस्तुत दाव्यात जाहिरातीचे उत्पन्न प्रकाशकाकडे जाणार, एवढाच परिणाम नमूद होता. Trim segment ने तेवढा भाग कापून टाकण्याचीही वाट खुली होती.

शाळेला त्या चित्रफितीपासून उत्पन्न मिळवावयाचे नव्हते. शिक्षकांनी मुकी केलेली प्रत काढून टाकली, मूळ प्रत पुन्हा ठेवली आणि प्रकाशकाचा दावा तसाच राहू दिला. खालच्या माहितीत त्यांनी धूनचे मूळ गाणे आणि संगीतकारांची नावे लिहिली. तेवढ्याने परवानगी मिळत नाही, हे त्यांना माहीत होते. पण पुढील वर्षी वाद्यपथकात येणाऱ्या मुलांना आपण काय वाजवतो आहोत हे कळावे, म्हणून ती लिहिली. लेझीम पुन्हा वाजू लागली. त्या गाण्यावर, गंमत अशी की, आजवर कोणाचाही दावा आलेला नाही.