निरोपपत्राचे मुद्रितशोधन : सीमाभागातील एक धडा

(व्याख्यानाचा मजकूर)



आळंद तालुक्यातील कडगंची हे गाव परंपरेने गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधरांशी जोडलेले आहे. आपल्याला महाराष्ट्रभाषा येत नाही, असे ते ग्रंथारंभीच सांगतात आणि पुढे तो ग्रंथ मराठीत रचतात. कन्नड वळणाच्या जिभेने मराठी लिहिणे या भूमीला नवे नाही. म्हणून आजच्या विषयासाठी मी इथल्या मुलांच्या हातून सहज उतरेल असे एक निरोपपत्र नमुन्यादाखल तयार केले आहे. शाळेतील शिक्षक निवृत्त होत आहेत, मजकूर छापखान्यात जायचा आहे :

‘आदरणीय गुरूवर्य, आपण आज सेवानिवृत्त होत आहोत. तुम्ही आमच्यासाठी खुप कष्ट घेतलं. आपला शिकवण आम्ही विसरणार नाही. शाळा लई सुनी वाटेल. आपणास दिर्घ आयुष्य आणि शांति लाभो, हिच प्रार्थना.’

बहुतेक जण आधी ‘खुप’वर बोट ठेवतील. मी म्हणेन, आधी वाक्यांचे शेवट पाहा. शेवट बदलला की त्याच्या मात्रा आणि अनुस्वारही बदलतात. ऱ्हस्व-दीर्घ आधी तपासले तर तेच काम पुन्हा करावे लागते.

पहिल्याच वाक्यात मोठा घोटाळा आहे. कन्नडमध्ये ‘तावु’ हे समोरच्याला आदराने म्हणतात. मराठीतले ‘आपण’ मात्र दोन कामे करते. ‘आपण होत आहात’ म्हणजे तुम्ही. ‘आपण होत आहोत’ म्हणजे आपण सगळे. या पत्राप्रमाणे गुरुजींबरोबर सगळा वर्गही निवृत्त होतो! दुरुस्ती एवढीच : ‘आहात’. पुढच्याच वाक्यात ‘तुम्ही’ आले आहे. दोन्ही संबोधने आदराचीच, पण एका पत्रात एकच ठेवावे. इथे ‘आपण’ ठेवू.

‘कष्ट घेतलं’ हे वेगळे प्रकरण आहे. ‘मार्गदर्शन केले’ आणि ‘मार्गदर्शन केलं’ हे एकाच क्रियापदाचे लेखी आणि बोलीतले रूप आहे, कारण मार्गदर्शन नपुंसकलिंगी एकवचनी आहे. ‘कष्ट’ इथे पुल्लिंगी अनेकवचनी आहे. तिथे बोलतानाही ‘घेतले’च येते. म्हणून ‘ले’च्या जागी सरसकट ‘लं’ किंवा ‘लं’च्या जागी सरसकट ‘ले’ करू नये. कर्म कोणते ते प्रत्येक वेळी पाहावे.

‘आपला शिकवण’ कुठून आले? कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सामान्यतः नपुंसकलिंगी असतात आणि विशेषणाला लिंगाचा प्रत्यय लागत नाही. तिथून येणाऱ्या मुलाला शिकवण स्त्रीलिंगी का, याचा आधार मिळत नाही. अशा वेळी नामापुढे ‘ही’ लावून पाहायला सांगावे : ही शिकवण, म्हणून आपली शिकवण.

आता दुसरी फेरी, ऱ्हस्व-दीर्घाची. कन्नडमध्ये ‘शांति’, ‘निवृत्ति’, ‘गुरु’ यांचा शेवट ऱ्हस्व असतो. तेच शब्द मराठी लेखननियमांनुसार स्वतंत्र लिहिताना दीर्घान्त होतात : शांती, निवृत्ती, गुरू. सामासिक शब्दाच्या पूर्वपदात मात्र ते पुन्हा ऱ्हस्व होतात : शांतिदूत, निवृत्तिवेतन, गुरुवर्य. म्हणजे या पत्रात एकाच नियमाच्या दोन उलट चुका आहेत. ‘शांति’त कन्नड सवय आहे; ‘गुरूवर्य’ हा मराठी नियम अर्धाच लक्षात राहिल्याचा परिणाम आहे. ‘खूप’मध्ये शेवटचे अक्षर अकारान्त, म्हणून त्याआधीचा ऊ दीर्घ. ‘दीर्घ’ हा तत्सम शब्द, तो संस्कृतप्रमाणे. ‘ही’ला ‘च’ जोडल्यावरही ती दीर्घच राहते : हीच.

आणि ‘लई’? तो मी तसाच ठेवीन. ती चूक नाही, ते मुलांचे बोलणे आहे. ‘लई’ काढून ‘अत्यंत’ घातले तर लेखन शुद्ध होत नाही, फक्त लिहिणारा बदलतो. मुद्रितशोधकाने इथे थांबावे. फार तर मुलांना विचारावे.

तिसरी फेरी कागदावर. मोबाइलवर टंकलेला मजकूर छापखान्यातील जुन्या फाँटमध्ये जाताना ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकते, रफार जागा बदलतो आणि ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो. संगणक चालवणारा देवनागरी हिंदीसाठी वाचत असेल, तर ‘शांती’ची पुन्हा ‘शांति’ होऊ शकते. म्हणून छापील नमुना हाती आल्यावर एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने नमुन्यावर बोट ठेवून वेलांट्या, उकार, रफार आणि अनुस्वार जुळवावेत. नावे आणि तारीख शेवटी स्वतंत्र पाहावीत.

तपासलेले पत्र असे होईल :

‘आदरणीय गुरुवर्य, आपण आज सेवानिवृत्त होत आहात. आपण आमच्यासाठी खूप कष्ट घेतले. आपली शिकवण आम्ही विसरणार नाही. शाळा लई सुनी वाटेल. आपणास दीर्घ आयुष्य आणि शांती लाभो, हीच प्रार्थना.’

मुलांचे म्हणणे जसेच्या तसे आहे, आणि आता निवृत्त फक्त गुरुजी होत आहेत.